जनावर चावलं, पण कोणतं? एक शब्द की दोन, हे कोशकार कसं ठरवतात

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. भाषाशास्त्राचा आणि माझा संबंध येईल असं एम.एस्सी. करताना कधी वाटलं नव्हतं. पण पीएच.डी.साठी शिरवळच्या आसपासच्या गावांत पशुपालकांच्या मुलाखती घेतल्या, त्या टाइप केल्या, आणि उत्तरांचं वर्गीकरण करायला बसले, तेव्हा हा विषय अंगावरच आला.

झालं असं. "जनावर चावलं" अशी उत्तरं मी सरसकट "कुत्रा किंवा इतर प्राण्याचा चावा" या गटात टाकत होते. म्हणजे पुढे प्रश्न रेबीजचा. गावात माझ्यासोबत फिरणाऱ्या तात्यांना एक नोंद वाचून दाखवली: "रात्री गोठ्यात जनावर निघालं, म्हशीला चावलं." तात्या हसले. "अगं, जनावर म्हंजे साप की! रात्रीचं त्याचं नाव घेत न्हाय आपण." माझ्या तक्त्यात सर्पदंश रेबीजच्या रकान्यात जाऊन बसले होते.

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. गाय व्याल्यावर वार पडली की नाही, म्हणजे गर्भाशयातलं आवरण वेळेत बाहेर आलं की नाही, हे मला मोजायचं होतं. "वार" हा शब्द शोधला तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त नोंदी आल्या. कारण त्यात "बाजाराचा वार होता", "कुठला वार ते आठवत नाही" अशी वाक्यंही होती.

वरवर पाहता दोन्ही चुका एकच वाटतात: एकाच अक्षरांचे दोन अर्थ, आणि मी ते वेगळे केले नाहीत. पण कोशकाराच्या दृष्टीने या दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत. "जनावर" हा एक शब्द आहे आणि त्याला दोन अर्थ आहेत. "वार" हे दोन शब्द आहेत आणि योगायोगाने ते एकसारखे दिसतात. पहिल्याला अनेकार्थता म्हणतात, म्हणजे पॉलिसेमी. दुसऱ्याला समरूपता, म्हणजे होमोनिमी. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत दोन्ही प्रकार "अनेकार्थी शब्द" या एकाच यादीत असतात, त्यामुळे आपल्याला फरक असतो हेच माहीत नसतं.

हा फरक कोशात कसा दिसतो ते आधी बघू. जेम्स मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा "महाराष्ट्र शब्दकोश" (१९३२ ते १९३८, सात खंड) उघडा. काही ठिकाणी तीच अक्षरं शीर्षशब्द म्हणून दोनदा, तीनदा येतात. ते समरूप शब्द. काही ठिकाणी शीर्षशब्द एकच असतो आणि नोंदीच्या पोटात अर्थांना क्रमांक दिलेले असतात. तो अनेकार्थी शब्द. म्हणजे कोशकाराला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: नवी नोंद करायची, की जुन्याच नोंदीत नवा क्रमांक घालायचा? हे तो कशाच्या आधारावर ठरवतो, हेच आज बघायचं आहे. त्यासाठी एकच शब्द घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ.

"पान" या शब्दाची उलटतपासणी

कोशकार अर्थांपासून सुरुवात करत नाही, वापरलेल्या वाक्यांपासून करतो. पूर्वी प्रत्येक वाक्य एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे, आता संगणकावर तेच करतात. समजा आपल्याकडे या चिठ्ठ्या आहेत:

- केळीचं पान वाऱ्याने फाटलं.
- वहीचं पहिलं पान कोरं ठेव.
- पानं वाढली, चला जेवायला.
- एक पान लाव, चुना कमी घाल.
- येथे धूम्रपान करू नये.
- आईने स्तनपान सुरू ठेवावे.
- त्याला शेतात पान लागलं. (कोकणातलं वाक्य, अर्थ: साप चावला.)

पहिलं काम म्हणजे किती अर्थ आहेत ते ठरवणं. इथे उत्साहाच्या भरात प्रत्येक चिठ्ठीला वेगळा अर्थ द्यायचा मोह होतो. केळीचं पान लांबरुंद असतं, पिंपळाचं टोकदार, कडुनिंबाचं बारीक. म्हणून हे तीन अर्थ का? नाही. पान कसलं आहे ते "केळीचं", "पिंपळाचं" या शब्दांनी सांगितलं. "पान" तिन्हीकडे तेवढंच काम करतंय.

मग वेगळा अर्थ कधी मानायचा? एक साधी कसोटी आहे. तेच वाक्य एकाच परिस्थितीत एका अर्थाने खरं आणि दुसऱ्या अर्थाने खोटं ठरू शकतं का? पानपट्टीवाला म्हणतो, "पान संपलं." त्याच वेळी त्याच्या टपरीमागे पिंपळ सळसळतोय आणि गल्ल्याशेजारी हिशेबाची वही उघडी आहे. तरी तो खोटं बोलत नाही. म्हणजे विड्याचं पान हा वेगळा अर्थ म्हणून उभा राहतो, आणि वहीचं पान हाही. पण झाडाखाली उभं राहून "इथे एकही पान नाही" म्हटलं आणि तिथे कडुनिंबाचा पाला पडलेला असला, तर ते विधान खोटंच. "मला पिंपळाचं म्हणायचं होतं" ही सारवासारव झाली, वेगळा अर्थ नव्हे.

अर्थ वेगळे झाले. आता दुसरं काम: यांतले कोणते एका घरचे? यासाठी तीन गोष्टी तपासतात.

पहिली, व्याकरण. लिंग कोणतं, अनेकवचन कसं होतं, विभक्ती लागताना रूप कसं बदलतं. वरच्या सगळ्या चिठ्ठ्यांत "पान" नपुंसकलिंगी आहे आणि रूप "पाना-" असं होतं: पानावर, पानाला, धूम्रपानाचा, स्तनपानाने. म्हणजे या कसोटीवर काहीच वेगळं निघालं नाही. लक्षात ठेवा: व्याकरण वेगळं निघालं तर तो पुरावा, पण सारखं निघालं म्हणजे शब्द एकच, असं नाही.

दुसरी, शब्दाची संगत. हा अर्थ कोणत्या क्रियापदांबरोबर, कोणत्या समासांत, कोणत्या जागी येतो? इथे फट दिसायला लागते. झाडाचं, वहीचं, जेवणाचं, विड्याचं पान वाक्यात एकटं येऊ शकतं. "दोन पानं दे" म्हणता येतं. पण धूम्रपान, मद्यपान, स्तनपान यांतलं "पान" आजच्या बोलण्यात एकटं येत नाही. "मी पाण्याचं पान केलं" असं कोणी म्हणत नाही. ते समासाच्या शेवटी चिकटूनच राहतं, आणि त्याचा अर्थ वस्तू नसून क्रिया आहे: पिणं.

तिसरी, मूळ. झाडाचं पान संस्कृत "पर्ण" पासून प्राकृतातल्या "पण्ण" या रूपातून आलं. धूम्रपानातलं "पान" हे संस्कृतातलंच "पान", "पा" म्हणजे पिणे या धातूवरून झालेलं, आणि ते मराठीत आहे तसं घेतलेलं. एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून झिजत आला, दुसरा पोथीतून थेट उचलला, आणि दोघं एकाच रूपावर येऊन थांबले. समरूप शब्द तयार होण्याची मराठीतली ही फार नेहमीची वाट आहे. "पाठ" बघा: पाठीचा कणा यातली पाठ "पृष्ठ" पासून झिजून आली, पुस्तकातला पाठ संस्कृतातून तसाच आला. तिथे मात्र लिंगही वेगळं आहे, ती पाठ आणि तो पाठ, त्यामुळे कोशकाराला डोकं खाजवावं लागत नाही.

म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या पाटीवर "धूम्रपान करू नये, पान खाऊन थुंकू नये" असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या एका ओळीत "पान" हे दोन वेगळे शब्द शेजारी बसलेले असतात.

आता उरले पर्णाच्या घरचे अर्थ. एक मूळ आहे एवढ्यावर कोशकार थांबत नाही. एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जायची वाट दाखवता आली पाहिजे. वहीच्या पानाची वाट सोपी आहे: पातळ, सपाट, उलटता येणारं. आणि ही वाट मराठीनेच काढली असंही नाही. संस्कृत "पत्र" म्हणजे आधी झाडाचं पान, मग लिहिलेला कागद. इंग्रजीतही झाडाच्या पानाला आणि पुस्तकाच्या पानाला "लीफ" हा एकच शब्द चालतो. वेगवेगळ्या भाषांत तीच उडी दिसली, की ती योगायोग नाही याची खात्री वाढते.

जेवणाच्या पानाची वाट साम्याची नाही, शेजाराची आहे. जेवण केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर वाढायचे, म्हणून वाढलेल्या जेवणालाच पान म्हणू लागले. पुढे "पंगतीत पन्नास पानं उठली" असं म्हणताना तर पान म्हणजे जेवणारा माणूस. आज स्टीलच्या ताटात वाढतो, तरी "पानं घ्या" म्हणतो. मधली वस्तू गेली, शब्द राहिला.

कोकणातला साप शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात अवघड. इथे साम्य शोधत बसलं तर काहीतरी ओढूनताणून जुळवल्यासारखं होतं. ही वाट वेगळीच आहे: भीतीपोटी खरं नाव टाळायचं आणि जागी एखादा निरुपद्रवी, घरगुती शब्द ठेवायचा. आपल्याकडे त्याच कारणाने "जनावर" किंवा "लांबडं" म्हणतात. अशा वेळी जुन्या आणि नव्या अर्थाचं रूप जुळायलाच हवं असं नाही. शिवाय हा अर्थ "लागणे" या क्रियापदाला धरून राहतो: "पान लागलं" म्हणजे चावा, "पान लावलं" म्हणजे विडा. म्हणून कोशकार त्याला त्याच नोंदीत, पण प्रदेशाची खूण आणि वाक्प्रचार देऊन ठेवेल.

एवढं झाल्यावर नोंद साधारण अशी उभी राहते:

पान १ (नपुं.) [सं. पर्ण] १. झाडाचं पर्ण. २. विड्याचं पान, तयार विडा. ३. वाढलेलं ताट, त्यावरून जेवणारा माणूस. ४. वही-पुस्तकाचा कागद, पृष्ठ. ५. (कोकण, "पान लागणे" यात) साप.

पान २ (नपुं.) [सं. पान] पिणं. समासाच्या शेवटी: धूम्रपान, मद्यपान, स्तनपान.

मांडणी माझी आहे, आणि दुसरा कोशकार क्रम बदलेल. कदाचित ताट आणि माणूस यांना वेगळे क्रमांक देईल. पण पान १ आणि पान २ यांच्यामधली भिंत कोणी पाडणार नाही, कारण ती संगत आणि मूळ या दोन्हींवर उभी आहे.

पुरावे एकमेकांशी भांडले तर?

"पान" मध्ये पुरावे एकाच दिशेला होते. खरी परीक्षा ते उलटसुलट बोलतात तेव्हा.

"वेळ" घ्या. "जायची वेळ झाली" आणि "खूप वेळ झाला". पहिल्या वाक्यात स्त्रीलिंग, दुसऱ्यात पुल्लिंग. रूपंही वेगळी: "वेळेवर ये" पण "थोड्या वेळाने ये". आणि फरक नुसता बोलण्याच्या लकबीचा नाही. ती वेळ म्हणजे घड्याळातला ठरलेला क्षण किंवा प्रसंग. तो वेळ म्हणजे मधे गेलेला काळ, जो लागतो, जातो, वाया जातो. "पाठ" ला लावलेली कसोटी इथे लावली तर दोन शब्द निघायला हवेत.

पण मूळ दोघांचं एकच: संस्कृत "वेला". आणि अर्थांमधली वाट इतकी छोटी आहे की ती दाखवायला काही सांगावंही लागत नाही. एकाच शब्दाने अर्थाची वाटणी केली आणि वाटणीची खूण म्हणून लिंग वापरलं. इथे कोशकार सहसा एकच शीर्षशब्द ठेवून आत स्त्रीलिंग आणि पुल्लिंग अशा दोन बाजू दाखवणं पसंत करेल. शिकाऱ्यांसाठीच्या कोशात दोन नोंदी केल्या तरी त्याला चूक म्हणता येणार नाही, कारण तिथे वाचणाऱ्याला "वेळ झाला" की "वेळ झाली" हेच आधी कळायला हवं. म्हणजे लिंग हा जोरदार पुरावा आहे, पण एकटा तो निकाल देऊ शकत नाही.

"मान" मध्ये भांडण याच्या उलट आहे. बेंदराला मिरवणुकीत पुढे असतो तो मानाचा बैल. त्याच्या मानेवर वर्षभर जू असतं. तो मान आणि ती मान. आता कुणालाही विचारा, या दोघांचा संबंध आहे का? बहुतेकजण म्हणतील, आहे की! मान ताठ असणं म्हणजे स्वाभिमान. लाज वाटली की मान खाली जाते. आदर दाखवायला मान तुकवतात. इतकी सुंदर वाट दिसते की एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत असंच वाटावं.

पण शरीरातली मान संस्कृत "मन्या" पासून आली आहे. मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग. आयुर्वेदात मान अवघडण्याला "मन्यास्तंभ" म्हणतात, त्यात तो शब्द अजून जसाच्या तसा आहे. सन्मान या अर्थाचा मान मात्र संस्कृतातला पुल्लिंगी "मान", "मन्" धातूचा. दोघं वेगळ्या घरचे. लिंग वेगळं, रूप वेगळं: मानेचा पट्टा, मानाचा फेटा. व्याकरण आणि मूळ दोन्ही सांगतात की शब्द दोन आहेत. फक्त बोलणाऱ्याचं मन म्हणतं एक.

शिवाय "त्या मानाने पाऊस बरा झाला" यातलं मान तिसरंच. ते "मा" म्हणजे मोजणे या धातूवरून आलं, आणि तापमान, पर्जन्यमान यांत तेच आहे. ते नपुंसकलिंगी आहे, पण "त्या मानाने" या रूपात पुल्लिंग आणि नपुंसकलिंग सारखंच दिसतं. म्हणून इथे सन्मानाचा मान आणि मोजमापाचं मान वेगळं काढायला लिंग उपयोगी पडत नाही. अर्थ आणि समास बघावे लागतात.

बोलणाऱ्याच्या मनाला असा संबंध जाणवणं ही काही मराठीची खोड नाही. इंग्रजीत कान आणि धान्याचं कणीस या दोघांनाही "इअर" म्हणतात. जुन्या इंग्रजीत ते दोन निराळे शब्द होते. आज अनेकांना वाटतं की कणीस देठाच्या कडेला कानासारखं दिसतं, म्हणून तसं म्हणत असतील. उलटही घडतं. इंग्रजीतला फुलाचा "फ्लॉवर" आणि पिठाचा "फ्लावर" मुळात एकच शब्द. चाळून काढलेला उत्तम भाग म्हणजे पिठाचं जणू फूल. पुढे स्पेलिंग वेगळी झाली, आणि आज कुणाला संबंध जाणवतही नाही. म्हणजे एक शब्द फुटून दोन होऊ शकतो, आणि दोन शब्द लोकांच्या मनात एक होऊ शकतात.

मग निकाल कुणाचा मानायचा, इतिहासाचा की आजच्या बोलणाऱ्याचा? याचं उत्तर कोश कुणासाठी आहे यावर अवलंबून असतं. शब्दांचा इतिहास सांगणाऱ्या कोशात मूळ वरचढ ठरतं. तिथे दोन माना एका नोंदीत बसणारच नाहीत. कृ. पां. कुलकर्णी यांचा "मराठी व्युत्पत्ति कोश" (१९४६) किंवा राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६६) मुळांवरच रचलेले आहेत. दुसऱ्या टोकाला १९८७ साली निघालेला कॉलिन्सचा कोबिल्ड कोश. तो इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी होता आणि त्याने मूळ जवळजवळ बाजूलाच ठेवलं. स्पेलिंग एक तर नोंद सहसा एक, आत अर्थ क्रमाने. शिकणाऱ्याला शब्द शोधताना त्याचं मूळ माहीत नसतं, मग मुळाप्रमाणे नोंदी फोडून त्याला काय मिळणार? दोन्ही कोश आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक तेव्हा होते, जेव्हा एकाच कोशात एका पानावर एक नियम आणि पुढच्या पानावर दुसरा चालतो.

माझ्या तक्त्याचं काय झालं

आता परत शिरवळला येऊ. हा फरक कळल्यावर माझ्या दोन चुकांचे उपाय पूर्ण वेगळे निघाले.

"वार" समरूप आहे. बाजाराचा तो वार, गाईची ती वार. म्हणून बरंच काम व्याकरणानेच केलं. "वार पडली", "वार अडकली", "वारेचा तुकडा" इथे स्त्रीलिंग उघड दिसतं. "वाराला", "कुठला वार" इथे पुल्लिंग. पण "वार पडत नाही" अशी वाक्यं आली की लिंग दिसत नाही, कारण "पडत नाही" दोन्ही लिंगांना सारखंच. तिथे संगत बघितली: पडणे, अडकणे, काढणे या क्रियापदांबरोबर येते ती गाईची वार. उरलेली थोडी वाक्यं डोळ्यांनी वाचली. तक्त्यात आता "वार" या शीर्षकाचे दोन स्वतंत्र शब्द आहेत, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले.

"जनावर" ला हा उपाय चालत नाही. मूळ एक: फारसी "जानवर", म्हणजे जान असलेलं. लिंग एक, रूपं तीच, आणि क्रियापदही तेच. कुत्रंही चावतं, सापही चावतो. अर्थ एकाच घरचे असले की व्याकरण सहसा मदतीला येत नाही, हीच अडचण. म्हणून मी तिथे संदर्भ बघितला. "जनावर निघालं", "जनावर दिसलं", रात्र, गवत, बिळ असं आसपास असेल तर साप. "जनावरं सोडली", "जनावरं धुतली" तर गुरं. आणि नुसतं "जनावर चावलं" एवढंच लिहिलेलं असेल तर तिथे मी अर्थ लावला नाही. "अनिश्चित" असा वेगळा गट केला आणि जमलं तिथे त्या माणसाला फोन करून विचारलं. पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत "कोणतं जनावर?" हा प्रश्नच घातला.

तुमच्या मुलाखतींत एखादा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी आला, तर मोजायला बसण्याआधी त्याची पाच-सहा वाक्यं समोर ठेवा. लिंग आणि विभक्तीचं रूप बघा, मग क्रियापदं आणि समास, मग कोशात मूळ. शब्द दोन निघाले तर शोधण्याचे नियम बहुतेक वेळा सापडतात. शब्द एक आणि अर्थ दोन निघाले तर नियमावर विसंबू नका, बोलणाऱ्याला विचारायची सोय ठेवा. माझ्या तक्त्यातली "अनिश्चित" ची ओळ अजून पूर्ण रिकामी झालेली नाही. पण निदान सर्पदंश आता रेबीजमध्ये मोजला जात नाही.